यील्ड वाढले की नॅसडॅक का वाकतो, आणि तेव्हा आपण काय करावे

वाचकाचे पत्र

काही वर्षांपासून मी नॅसडॅक १०० निर्देशांकाच्या एका भारतीय फंडात दरमहा एसआयपी करते. मध्ये फंडाने नवे पैसे घेणे थांबवले होते, तेवढाच खंड पडला. हे पैसे मुलीच्या अमेरिकेतील एमएससाठी आहेत आणि ती साधारण तीन वर्षांनी जाईल. त्याखेरीज रंग आणि ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्यांचे काही महाग शेअर माझ्याकडे आहेत. बाजार पडला की ‘बॉण्ड यील्ड वाढले’ हे कारण ऐकू येते. मी दोन्ही आलेख एकावर एक ठेवून पाहिले. कधी ते उलट चालतात, तर कधी बरोबरीने वर जातात. मग यील्ड वाढताना दिसले की विकावे का? आणि हा संबंध खरा आहे तरी का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

संबंध खरा आहे, परंतु तो निर्देशांकाच्या पातळीत शोधला तर हाती लागत नाही. तो किमतीच्या एका भागावर काम करतो, आणि तो भाग वेगळा काढून पाहिल्याशिवाय आलेख गोंधळातच टाकतो.

शेअरची किंमत म्हणजे त्या कंपनीकडून पुढील वर्षांत भागधारकांच्या वाट्याला येणाऱ्या पैशांचे आजचे मोल. हे मोल काढताना भविष्यातील रकमेतून दरवर्षाची घट वजा करावी लागते. तो घटीचा दर जोखीममुक्त रोख्यावर मिळणाऱ्या परताव्यापासून सुरू होतो आणि त्यावर शेअरच्या जोखमीचा मोबदला चढतो. अमेरिकी सरकारच्या १० वर्षांच्या रोख्याचे यील्ड हा जगभरच्या बाजारांत या हिशेबाचा पाया मानला जातो. समजा, हा एकूण दर ६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेला. दोन वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मोल ८९ रुपयांवरून सुमारे ८५ रुपये ७० पैशांवर येते, म्हणजे पावणेचार टक्क्यांहूनही कमी घट. पंधरा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे मोल मात्र ४१ रुपये ७० पैशांवरून ३१ रुपये ५० पैशांवर घसरते; ही घट जवळपास २५ टक्क्यांची आहे. कंपनीच्या धंद्यात काहीही बिघडलेले नसते. ज्या कंपनीचा बराचसा नफा दूरच्या वर्षांत अपेक्षित आहे तिचा भाव अधिक पडतो, आणि जी कंपनी आजच भरपूर नफा कमावून लाभांश वाटते तिचा कमी पडतो. महागड्या ग्रोथ शेअरना यील्डची धास्ती वाटते, त्याचे मूळ कारण एवढेच आहे. बाकीची कारणे, म्हणजे कर्ज महागणे किंवा गुंतवणूकदारांनी सुरक्षित रोख्यांकडे वळणे, खरी असली तरी त्यांचा परिणाम बहुधा सावकाश होतो.

हे प्रत्यक्षात कसे दिसते, यासाठी २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चचा काळ पाहण्यासारखा आहे, कारण त्या काही आठवड्यांत इतर कारणांची सरमिसळ तुलनेने कमी होती. १२ फेब्रुवारी रोजी अमेरिकेच्या १० वर्षांच्या रोख्याचे यील्ड १.२० टक्के होते आणि नॅसडॅक कंपोझिट निर्देशांक त्याच दिवशी विक्रमी पातळीवर बंद झाला. २५ फेब्रुवारीला अमेरिकी सरकारच्या सात वर्षांच्या रोख्यांच्या लिलावात खरेदीदारांचा प्रतिसाद अगदीच थंड मिळाला, १० वर्षांचे यील्ड दिवसभरात १.६ टक्क्यांपर्यंत उसळले आणि नॅसडॅक एका दिवसात साडेतीन टक्के पडला. ८ मार्चपर्यंत यील्ड १.६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावले होते आणि नॅसडॅक आपल्या शिखरापासून साडेदहा टक्के खाली आला होता. मात्र बँका, कारखानदारी आणि जुन्या, नफ्यातल्या कंपन्यांचा भरणा असलेला डाऊ जोन्स १२ फेब्रुवारीच्या तुलनेत ८ मार्चला किंचित वरच होता. त्या दिवसांत केवळ ‘अमेरिकी बाजार’ म्हणून कुणी आलेख पाहिला असता, तर त्याला काहीच स्पष्ट दिसले नसते.

म्हणून पहिली सूचना अशी, की यील्डचा आलेख निर्देशांकावर ठेवण्याऐवजी दोन निर्देशांकांच्या गुणोत्तराशेजारी ठेवावा. ट्रेडिंगव्ह्यूसारख्या संकेतस्थळावर शोधचौकटीत NDX/DJI असे टाइप केले की नॅसडॅक १०० भागिले डाऊ जोन्स हा आलेख मिळतो. US10Y हा यील्डचा आलेख त्याच्या खालच्या पट्टीत वेगळा उघडावा, एकाच चौकटीत दोन मोजपट्ट्या लावू नयेत. दोन मोजपट्ट्यांचा आलेख ताणून वा दाबून कोणत्याही दोन रेषा एकमेकींना चिकटवता येतात, आणि समाजमाध्यमांवर फिरणारी बरीच ‘थक्क करणारी’ चित्रे अशीच तयार होतात. आणखी एक खाचखळगा आहे. हे संकेतस्थळ यील्डमधील बदलही टक्केवारीत दाखवते. १.२० वरून १.६० हा प्रवास पडद्यावर ३३ टक्के वाढ म्हणून दिसतो, तर ४.०० वरून ४.४० हा प्रवास केवळ १० टक्के. वरच्या हिशेबात महत्त्व आहे ते दोन्हीकडे सारख्याच असलेल्या ०.४० टक्क्याला, म्हणजे ४० बेसिस पॉइंटना. त्यामुळे बदल वजाबाकीने मोजावा.

२०२२ या पूर्ण वर्षाला हीच कसोटी लावू. १० वर्षांचे यील्ड वर्षाच्या सुरुवातीला सुमारे १.५ टक्के होते. वर्षअखेरीस ते ३.८८ टक्के झाले. त्या वर्षात नॅसडॅक १०० निर्देशांक १६,३२० वरून १०,९४० वर आला, म्हणजे ३३ टक्के पडला. डाऊ जोन्स ३६,३३८ वरून ३३,१४७ वर आला, म्हणजे जेमतेम ९ टक्के. दोन्हींचे गुणोत्तर ०.४५ वरून ०.३३ झाले. यातील डाऊची ९ टक्के घट मंदीची भीती, युक्रेनचे युद्ध, महागाई अशा अनेक कारणांच्या खाती टाकता येईल. गुणोत्तरातील घसरगुंडीचा मोठा भाग मात्र घटीच्या दराचा आहे, असे माझे मत आहे.

हे मत केवळ आलेखावर उभे नाही. ५०० मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाला २०२२ च्या आरंभी पुढील बारा महिन्यांच्या अपेक्षित नफ्याच्या सुमारे २१ पट भाव मिळत होता. वर्षअखेरीस तो सुमारे १७ पट उरला. एकविसाचे सतरा झाले म्हणजे १९ टक्के घट, आणि निर्देशांकही त्या वर्षी १९ टक्क्यांहून किंचित अधिक पडला. अर्थात अपेक्षित नफा जवळपास जागच्या जागी होता. कमी झाली ती त्या नफ्यासाठी मोजली जाणारी किंमत. मी तुम्हाला सर्वांत आधी हाच हिशेब करायला सांगेन. बाजार पडला की विचारावे, पी/ई, म्हणजे नफ्याच्या किती पट भाव मिळतो तो आकडा, उतरला की नफ्याचा अंदाज उतरला? पी/ई उतरले आणि त्याच वेळी यील्ड चढले असेल, तर घटीच्या दराचे कारण पटण्यासारखे आहे. नफ्याचे अंदाजच कापले जात असतील, तर दुखणे दुसरे आहे. आणि शेअर पडत असताना यील्डही खाली येत असेल, जसे २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाले, तर यील्डला दोष देण्यात काहीच हशील नाही. तेव्हा लोक मंदीला घाबरून रोख्यांत आसरा घेत असतात.

आता तुमच्या आलेखांवर दोन्ही रेषा बरोबरीने वर का जातात, याकडे वळू. यील्डमध्ये दोन घटक मिसळलेले असतात. एक म्हणजे पुढील दहा वर्षांत अपेक्षित असलेली महागाई, आणि दुसरा म्हणजे महागाई वजा जाता उरणारा खरा परतावा. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी यील्ड अर्ध्या टक्क्यावर होते; कोविडची भीती ओसरून व्यवहार पूर्ववत होतील या आशेने ते वर्षअखेरपर्यंत ०.९ टक्क्यांच्या वर आले, आणि त्याच महिन्यांत शेअरबाजारही वर गेला. त्या वाढीत महागाईच्या अपेक्षेचा वाटा मोठा होता. कंपन्यांची विक्री आणि नफाही वाढणार होता, त्यामुळे घटीच्या दराने जेवढे हिरावले त्याहून अधिक नफ्याच्या अंदाजाने दिले. २०२२ मध्ये हे उलटले. महागाईशी जोडलेल्या १० वर्षांच्या अमेरिकी रोख्याचे यील्ड, म्हणजेच खरा परतावा, २०२१ च्या अखेरीस उणे १ टक्क्याच्या आसपास होता आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तो अधिक दीड टक्क्याच्याही वर गेला. फेडरल रिझर्व्हने मार्चमध्ये शून्याच्या जवळून दरवाढ सुरू करून डिसेंबरपर्यंत आपला दर ४.२५ ते ४.५० टक्क्यांवर नेला होता. खरा परतावा चढतो तेव्हा समोर नफावाढीची भरपाई नसते, म्हणून तोच महाग शेअरना खरा बाधतो. सेंट लुईस येथील फेडरल रिझर्व्हच्या फ्रेड या मोफत संकेतस्थळावर DFII10 या नावाने तो रोज पाहता येतो. आठवड्यातून एकदा पाहणे पुरे. रोज पाहिल्याने मनस्तापाखेरीज काही हाती लागत नाही.

येथे या सगळ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण ‘यील्ड वर, म्हणून विका’ हा नियम २०२३ मध्ये सपशेल तोंडघशी पडला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये यील्ड काही काळ ५ टक्क्यांना टेकले आणि वर्षअखेरीस पुन्हा ३.८८ टक्क्यांवर, म्हणजे वर्ष जिथून सुरू झाले त्याच ठिकाणी आले. मधल्या वाढीने आपला जुना परिणाम दाखवला. जुलैअखेर ते ऑक्टोबरअखेर एस अँड पी ५०० सुमारे १० टक्के खाली आला. पण पूर्ण वर्षात नॅसडॅक १०० निर्देशांक ५० टक्क्यांहून अधिक वाढला आणि डाऊशी असलेले त्याचे गुणोत्तर पुन्हा ०.४५ च्या जवळ पोहोचले. यील्ड २०२१ च्या दुपटीहून अधिक असताना गुणोत्तर मात्र जवळपास २०२१ इतकेच! याचे कारण त्या निर्देशांकावर ज्यांचे वजन सर्वांत जास्त आहे त्या कंपन्यांत आहे. मायक्रोसॉफ्ट, ॲपल, अल्फाबेट यांच्याकडे प्रचंड रोकड होती, त्या रोकडीवर वाढीव व्याज मिळू लागले, तर त्यांनी स्वस्ताईच्या काळात काढलेली दीर्घ मुदतीची कर्जे जुन्याच दराने चालू होती. त्यातच एनव्हिडियासारख्या कंपनीच्या नफ्याचे अंदाज बघता बघता कितीतरी वर सरकले.

ज्या कंपन्यांचा नफा अजून यायचाच होता, त्यांचे नशीब असे नव्हते. बहुतांशी अशाच कंपन्यांत पैसे घालणारा आर्क इनोव्हेशन हा अमेरिकी फंड २०२२ मध्ये ६७ टक्के पडला, आणि २०२३ मध्ये भरघोस वाढूनही त्याचा भाव २०२१ च्या अखेरच्या भावाच्या निम्म्याहून थोडाच वर आला. ग्रोथ शेअर म्हणून दोन्ही गट एकाच नावाने ओळखले जातात, परंतु दर वाढल्यावर पहिल्याचा नफा त्याला सावरतो आणि दुसऱ्याला सावरणारे काही नसते. तुमचा फंड मुख्यत्वे पहिल्या गटात मोडतो. म्हणून यील्ड वाढत असल्याच्या कारणावरून तो विकावा, असे मी म्हणणार नाही.

तरीही काही भाग विकावा असे मी सुचवतो, आणि त्याचे कारण तुमच्या मुलीच्या जाण्याची तारीख आहे. २०२२ सारखे वर्ष शुल्क भरण्याच्या आधल्या वर्षी आले, तर सावरायला वेळ उरत नाही. येथे रुपयाचा एक चकवा आहे. त्या वर्षी डॉलर सुमारे ७४.३ रुपयांवरून ८२.७ रुपयांवर गेला, म्हणजे ११ टक्के महागला. त्यामुळे डॉलरमध्ये ३३ टक्के पडलेला फंड भारतातील गुंतवणूकदाराला रुपयांत सुमारे २५ टक्केच पडलेला दिसला, आणि पुष्कळांना त्याचा दिलासा वाटला. ज्याला पैसे भारतातच खर्च करायचे होते त्याला तो दिलासा खरा होता. तुम्हाला शुल्क डॉलरमध्ये भरायचे आहे. ते शुल्क रुपयांत तेवढेच ११ टक्के महागले असते, आणि तुमची खरी तूट पूर्ण ३३ टक्क्यांचीच राहिली असती. उलट बाजूही तितकीच लक्षात ठेवावी: सगळे पैसे काढून आज मुदत ठेवीत टाकले तर डॉलर महागण्यापासून मिळणारे संरक्षण सुटते. फक्त त्यामुळे होणारी तूट २०२२ सारख्या वर्षातही व्याज धरून पाच-सहा टक्क्यांची असते, तेहतीस टक्क्यांची नाही.

यातून मार्ग असा काढावा. एमएसचे शुल्क एकदम भरावे लागत नाही. पहिल्या वर्षाचा खर्च तीन वर्षांनी आणि दुसऱ्या वर्षाचा चार वर्षांनी लागेल. पहिल्या वर्षाच्या खर्चाएवढी रक्कम पुढील बारा ते अठरा महिन्यांत दरमहा समान हप्त्यांनी फंडातून काढावी, यील्ड काय म्हणते याकडे न पाहता. दुसऱ्या वर्षाची रक्कम आणखी एक वर्ष फंडात राहू द्यावी आणि मग त्याच पद्धतीने काढावी. काढलेले पैसे बँकेच्या मुदत ठेवीत किंवा कमी मुदतीच्या कर्जरोखे फंडात ठेवावेत. दीर्घ मुदतीच्या गिल्ट फंडाला ‘सरकारी म्हणजे सुरक्षित’ समजून त्यात टाकू नयेत, कारण यील्ड वाढल्यावर प्रथम मार त्यालाच बसतो. २०२१ च्या अखेरीस दीड टक्का व्याजाचा १० वर्षांचा अमेरिकी सरकारी रोखा कुणी १०० डॉलरला घेतला असता, तर वर्षभराने बाजारात त्याचे सुमारे ८२ डॉलर आले असते. परतफेडीची हमी सरकारची असली, तरी मधल्या काळातील भावाची हमी कुणीच देत नाही.

विकण्यापूर्वी फंडाचे खातेपत्रक घेऊन एकदा सनदी लेखापालांना भेटावे. विदेशी शेअरमध्ये पैसे घालणाऱ्या फंडांच्या करआकारणीचे नियम १ एप्रिल २०२३ पासून आणि पुन्हा २०२४ च्या अर्थसंकल्पात बदलले आहेत, आणि तुमच्या एसआयपीतील युनिट वेगवेगळ्या तारखांना घेतलेली असल्याने सगळ्यांना एकच कर लागेल असे धरून चालू नये.

राहिले तुमच्याकडील भारतीय शेअर. त्यांच्या बाबतीत अमेरिकी यील्डचा प्रभाव मुख्यतः परदेशी गुंतवणूकदारांमार्फत येतो. २०२२ मध्ये त्यांनी भारतीय शेअरबाजारातून निव्वळ सुमारे १ लाख २० हजार कोटी रुपये काढून घेतले, तरीही देशी म्युच्युअल फंडांकडे येणाऱ्या एसआयपीच्या पैशांमुळे निफ्टी त्या वर्षी चार टक्क्यांच्या आसपास वाढला. आपल्याकडील १० वर्षांच्या सरकारी रोख्याचे यील्डही अमेरिकेइतके उसळले नव्हते. ते सुमारे ६.४५ टक्क्यांवरून ७.३३ टक्क्यांवर गेले होते. त्यामुळे निफ्टीच्या आलेखावर अमेरिकी यील्ड ठेवून काही निष्कर्ष काढण्यात फारसा अर्थ नाही.

त्याऐवजी प्रत्येक शेअरचा एक साधा हिशेब कागदावर मांडावा. समजा, तुमच्याकडील एखाद्या शेअरला नफ्याच्या ६० पट भाव आहे आणि कंपनीचा नफा दरवर्षी १५ टक्के वाढेल, हे उदारपणे मान्य केले. पाच वर्षांत नफा दुप्पट होईल. पण तोपर्यंत बाजाराने त्याला ६० ऐवजी ४० पटच भाव दिला, तर शेअरची किंमत केवळ १.३४ पट होईल, आणि लाभांश सोडून परतावा वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास पडेल. सरकारी रोखा सात टक्के देत असेल, तर एवढ्या जोखमीपोटी तुम्ही रोख्यापेक्षाही कमी मिळवाल, तेही कंपनीने आपले काम चोख केले असताना. हा हिशेब ५० पट आणि ६० पट धरूनही करून पाहावा. भाव साठ पट टिकला तरच ज्या शेअरचे गणित जुळते, तो आधी कमी करावा. चाळीस पटीलाही जो रोख्याच्या पुढे राहतो, तो राहू द्यावा. सहा-सात शेअर असतील तर या कामाला एक रविवार सकाळ पुरते, आणि नफ्याचे मागील दहा वर्षांचे आकडे कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत मिळतात.